फोटोतल्या कपाळावर त्रिपुंड बसवताना: मोजमाप, वळण, सुरकुत्या आणि उजेड, याच क्रमाने

आजोबांचा फोटो फ्रेम करायचा असतो आणि घरचे म्हणतात, "कपाळावर भस्म हवं, ते रोज लावायचे." मग कुठूनतरी उचललेलं त्रिपुंडाचं पीएनजी फोटोवर ठेवलं जातं, थोडं फिरवलं जातं, अपारदर्शकता कमी केली जाते, आणि भस्म कपाळाला न लागता कपाळासमोरच्या काचेवर चिकटवल्यासारखं दिसतं. यामागे बहुतेक वेळा दोन चुका असतात. पट्टे चेहऱ्याच्या मध्यरेषेवर न बसवता कपाळाच्या दिसणाऱ्या भागाच्या मध्यावर बसवलेले असतात. आणि वळण दोन्ही बाजूंना सारखं दिलेलं असतं, जे वळलेल्या चेहऱ्यावर कधीच सारखं नसतं.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: चेहरा आपल्या उजवीकडे साधारण ३० अंश वळलेला, नजर कॅमेऱ्याकडे, कॅमेरा डोळ्यांपेक्षा किंचित वर, उजेड आपल्या डावीकडच्या खिडकीतून. बसलेल्या माणसाचा फोटो उभ्याने काढला की असाच कोन येतो. मेन्यूंची नावं Photoshop मधली आहेत. Photopea मध्ये बहुतेक सगळं याच नावांनी सापडतं.

## काम सुरू करण्याआधी

घरच्यांना विचारा. आडवे तीन पट्टे शैवांचे, उभं गोपीचंदन वैष्णवांचं. पंढरीची वारी करणाऱ्या माणसाच्या कपाळावर गोपीचंदन आणि बुक्का हवा. तिथे त्रिपुंड लावलं तर बाकी काम कितीही सफाईदार असो, फोटो घरात लागणार नाही. कुंकवाचा किंवा गंधाचा टिळा सोबत होता का, पट्टे पूर्ण कपाळभर असत की मधेच थांबत, हेही विचारा. त्यांचा जुना फोटो मिळाला तर सगळ्यात उत्तम. आणि माणूस हयात असेल तर होकार त्याचाच घ्या.

मूळ लेयरला हात लावू नका. `Ctrl+J` करून प्रत घ्या. कपाळावर तेलकट चमक असेल आणि ती पट्ट्यांच्या जागेत येत असेल, तर या प्रतीवर Healing Brush ने तेवढी चमक आधीच काढा. भस्म कोरडं असतं, ते चमक झाकून टाकतं. भस्माखालून चकाकणारं कपाळ दिसलं की तो ओला ऑइलपेंट वाटतो.

## १. बुबुळावरून माप काढा

पट्टा किती जाड हवा हे डोळ्याने ठरवू नका, कारण अंदाज हमखास जाड होतो. मोठ्या माणसाच्या बुबुळाचा रंगीत भाग सगळ्यांमध्ये जवळपास सारखा, साधारण १२ मिलिमीटर रुंद असतो. नजर कॅमेऱ्याकडे असेल तर चेहरा वळलेला असला तरी बुबुळ गोलच दिसतं, म्हणून ही मोजपट्टी वळलेल्या चेहऱ्यावरही चालते. दोन डोळ्यांमधलं अंतर मात्र चेहरा वळला की आकसतं, त्यावर विसंबू नका.

Ruler Tool ने बुबुळाची रुंदी मोजा. आपल्या उदाहरणात ती ८४ पिक्सेल आहे. ८४ भागिले १२, म्हणजे एक मिलिमीटरला ७ पिक्सेल.

आता बोटाचा पट्टा साधारण १० मिलिमीटर धरा: ७० पिक्सेल. दोन पट्ट्यांमधली फट ४ मिलिमीटर: २८ पिक्सेल. तीन पट्टे आणि दोन फटी मिळून २६६ पिक्सेल उंची. लांबी एका भुवईच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत, कातडीवरून मोजली तर १२ सेंटिमीटरच्या आसपास. आपण ८२५ पिक्सेल धरू.

तपासणी: भुवई ते केसांची रेषा हे अंतर मोजा. २६६ पिक्सेलचे पट्टे बसून वर-खाली थोडी मोकळी जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर बोट बारीक धरा, पण तिन्ही पट्टे सारख्याच प्रमाणात.

## २. चेहऱ्याची मध्यरेषा आखा

नवीन लेयरवर गडद रंगाची बारीक रेषा काढा. ती वरच्या ओठावरच्या खाचेतून निघेल, दोन डोळ्यांमध्ये नाकाचं मूळ जिथे सर्वात खोल आहे तिथून जाईल आणि भुवयांच्या आतल्या टोकांमधून वर कपाळावर चढेल. नाकाचं टोक या रेषेसाठी वापरू नका. ते चेहऱ्याच्या पुढे आलेलं असतं, त्यामुळे वळलेल्या चेहऱ्यात ते मध्यरेषेच्या बाजूला सरकलेलं दिसतं आणि सगळी रेषा ओढून नेतं.

वळलेल्या चेहऱ्यात ही रेषा सरळ नसते. कपाळावर ती पलीकडच्या बाजूला किंचित फुगलेली असते.

आपल्या उदाहरणात ही रेषा कपाळाच्या दिसणाऱ्या रुंदीच्या मध्यापेक्षा बरीच उजवीकडे येते. पहिल्यांदा पाहताना ती चुकली असं वाटेल. ती बरोबर आहे, पुसू नका.

## ३. पट्टे सपाट काढा

हे पट्टे फोटोवर न काढता वेगळ्या, पारदर्शक लेयरवर सरळ आडवे काढा: ८२५ बाय २६६ पिक्सेल. रंग शुद्ध पांढरा नको. भस्म राखेचं असतं. `#DAD6CE` च्या जवळपासचा करडट पांढरा घ्या.

खरं भस्म तीन बोटांनी एका ओढीत लागतं, आणि पट्ट्यात ती ओढ दिसली पाहिजे. जिथे बोट टेकलं तिथे भस्म दाट, जिथे उचललं तिथे विरळ होत तुटक. मधलं बोट लांब असल्यामुळे तिन्ही पट्ट्यांची सुरुवात एका उभ्या रेषेत येत नाही, एकदोन मिलिमीटर मागेपुढे होते. लावताना ओलं असलेलं भस्म बोटाच्या दाबामुळे कडेला सरकतं, म्हणून पट्ट्याची कड किंचित दाट आणि पोट किंचित पातळ राहतं. हे सगळं लेयर मास्कवर खडबडीत ब्रशने, २० ते ३० टक्के Flow ठेवून करा. एक पट्टा रंगवून त्याच्या दोन प्रती करू नका. तीन पट्ट्यांत एकाच जागी एकच डाग दिसला की डोळा लगेच ओळखतो.

झालं की तिन्ही पट्टे एकत्र निवडून `Convert to Smart Object` करा. कुंकवाचा टिळा यात घालू नका, तो शेवटी येतो.

सावधान: Bevel & Emboss किंवा Drop Shadow लावू नका. भस्माचा थर इतका पातळ असतो की त्याची सावली पडत नाही. सावली आली की स्टिकर झाला.

## ४. मोठं वळण द्या

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात.

कपाळ म्हणजे उभ्या नळकांड्याचा तुकडा असं क्षणभर धरा. आपल्या माणसाच्या डोक्याची निम्मी रुंदी साडेसात सेंटिमीटर, म्हणजे ५२५ पिक्सेल. चेहरा ३० अंश वळलेला असताना सपाट पट्ट्याचा अलीकडचा अर्धा भाग, ४१२ पिक्सेलचा, फोटोत जवळपास तसाच, ४०० पिक्सेल राहतो. पलीकडचा अर्धा मात्र ४१२ वरून २४५ पिक्सेलवर येतो. शिवाय तो सगळीकडे सारखा आकसत नाही. त्याचे तीन समान भाग केले तर मध्यरेषेजवळचा साधारण १०९ पिक्सेल, पुढचा ८३ आणि शेवटचा ५२ पिक्सेल दिसतो. पट्टा कानशिलाकडे वळताना झपाट्याने दाटतो तो असा.

दुसरी गोष्ट वर-खालीची. कॅमेरा वर असेल किंवा मान खाली झुकलेली असेल, तर पट्टा पसरट वाटीसारखा दिसतो, दोन्ही टोकं वर. कॅमेरा खाली असेल किंवा मान मागे असेल, तर तो कमानीसारखा दिसतो, टोकं खाली. आता महत्त्वाचं: वाटीचा सर्वात खालचा बिंदू मध्यरेषेवर नसतो. कपाळाचा जो भाग कॅमेऱ्याच्या सर्वात जवळ, तिथे तो असतो. चेहरा वळलेला असेल तर हा भाग मध्यरेषेच्या अलीकडे सरकतो. आपल्या उदाहरणात कॅमेरा १० अंश वर धरला, तर पट्ट्याचं पलीकडचं टोक मध्यरेषेपेक्षा सुमारे ५५ पिक्सेल वर चढतं आणि अलीकडचं टोक उलट ९ पिक्सेल खाली उतरतं. थोडक्यात, अलीकडचा अर्धा जवळजवळ सरळ आणि पलीकडचा अर्धा वर उचललेला. दोन्ही टोकं सारखी वर ओढली की माणूस समोर बघतोय आणि त्याचं भस्म दुसरीकडे, असं होतं.

आता हात चालवा:

१. Smart Object फोटोवर आणा. पट्ट्यांचा मध्य मध्यरेषेवर ठेवा, कपाळाच्या मध्यावर नाही.
२. दोन भुवयांच्या वरच्या कडांना जोडणारी रेषा जेवढी तिरपी असेल, तेवढं फिरवा.
३. `Edit > Transform > Warp` उघडा. वरच्या ऑप्शन्स बारमधून उभी Split घेऊन ती मध्यरेषेवर टाका, दुसरी पलीकडच्या अर्ध्याच्या मधोमध.
४. आधी फक्त आडवं सरकवा: पलीकडची टोकं आत आणा, वर दिलेल्या मापांपर्यंत.
५. मग उभं: पलीकडची टोकं वर, अलीकडची किंचित खाली.
६. कपाळ वरच्या बाजूला मागे झुकत असेल तर सर्वात वरचा पट्टा किंचित अरुंद करा. केस मागे हटलेल्या माणसात हे ठळक दिसतं.

Enter दाबण्याआधी एक दुरुस्ती. खरं कपाळ नळकांड्यासारखं एकसारखं गोल नसतं. मधे ते बरंच सपाट असतं आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या वर एकदम वळतं. त्यामुळे आकडे सुरुवातीसाठी घ्या आणि शेवटचा निर्णय कपाळावरच्या उजेडाकडे बघून करा. कातडी जिथे उजळपणा सोडून सावलीकडे वळते, तिथेच पट्टाही वळला पाहिजे.

तपासणी: `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून फोटो उलटा बघा. डोळ्याला सवय झालेली चूक उलट्या फोटोत पटकन दिसते. बघून झालं की परत फिरवा.

## ५. सुरकुत्यांवरून पट्टा वाकवा

कपाळ गुळगुळीत असेल तर ही पायरी सोडून द्या. वयस्क माणसाच्या कपाळावर मात्र भस्माची कड सुरकुतीत उतरते आणि वर येते. हे Displace ने होतं, पण त्यासाठीचा नकाशा नीट बनवावा लागतो.

१. चमक काढलेल्या लेयरची प्रत घ्या, `Ctrl+Shift+U` ने रंग काढा.
२. `Filter > Other > High Pass`, त्रिज्या २० पिक्सेल. ही पायरी कोणी करत नाही आणि मग पट्टा एका बाजूला का घसरला ते कळत नाही. Displace ला मधला करडा म्हणजे "हलवू नको", त्यापेक्षा उजळ किंवा गडद म्हणजे "सरकव". खिडकीच्या उजेडामुळे डावं कपाळ उजळ आणि उजवं गडद आहे; तोच फोटो नकाशा म्हणून दिला तर सुरकुत्या सोडून उजेडानुसार सगळा पट्टा वाकडा होतो. High Pass हा मोठा फरक काढून फक्त सुरकुत्या ठेवतो.
३. `Gaussian Blur` २ ते ३ पिक्सेल, म्हणजे कातडीची छिद्रं नकाशात राहणार नाहीत.
४. `Select All`, `Copy`, त्याच मापाच्या नव्या फाइलमध्ये `Paste`, `Flatten Image`, आणि पीएसडी म्हणून साठवा. नंतर मूळ फाइलमधला हा नकाशाचा लेयर काढून टाका.
५. वळण दिलेल्या Smart Object ची प्रत घ्या, मूळ लपवा, प्रतीवर `Rasterize Layer` करा.
६. `Filter > Distort > Displace`: Horizontal Scale ०, Vertical Scale ८ ते १०. मग साठवलेली पीएसडी निवडा.

पट्टे आडवे असल्यामुळे उभी सरक पुरते. १० या आकड्याला जास्तीत जास्त सरक १३ पिक्सेलच्या आत राहते. सुरकुत्यांचा फरक मधल्या करड्याच्या आसपासच असतो, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन पिक्सेलच हलतं. तेवढंच हवं.

तपासणी: कड सुरकुतीवरच वाकली आहे ना? थोडी बाजूला वाकली असेल तर नकाशाचं माप मूळ फाइलशी जुळत नाही. कड करवतीसारखी झाली असेल तर नकाशा आणखी एक पिक्सेल धूसर करा.

## ६. उजेड पट्ट्यावर आणा

पट्टा अजूनही एकसारखा करडट पांढरा आहे आणि कपाळाचा उजेड मात्र डावीकडून उजवीकडे उतरतो. अपारदर्शकता कमी करून हे जमत नाही. त्याने भस्म फिकट होतं, सावलीत जात नाही.

चमक काढलेल्या लेयरची आणखी एक प्रत घ्या, रंग काढा, १० ते १२ पिक्सेल Gaussian Blur करा. ही प्रत पट्ट्यांच्या वर आणून `Create Clipping Mask` करा आणि मोड Multiply ठेवा. पट्टे खूप काळवंडतील, ते अपेक्षित आहे. आता याच प्रतीवर `Ctrl+L` ने Levels उघडा आणि पांढरा खुंटा डावीकडे आणत राहा, जोपर्यंत डाव्या कपाळावरचा पट्टा पुन्हा मूळ रंगाजवळ येत नाही. उजवं टोक आपोआप सावलीत राहील.

मग खालच्या पट्ट्यांच्या लेयरवर डबल क्लिक करून `Blend If` मधल्या Underlying Layer चा काळा खुंटा `Alt` धरून दोन भागांत तोडा आणि उजवा अर्धा ६० पर्यंत न्या. खोल सुरकुत्यांचा गडदपणा भस्मातून डोकावेल. सावळ्या कातडीवर ६० ने पट्टे जागोजागी गायब होऊ लागले तर ३० ते ४० वर थांबा. पट्ट्यांची अपारदर्शकता ८० ते ९० टक्के पुरते.

तपासणी: त्याच उजेडात असलेल्या सदऱ्याच्या किंवा टोपीच्या पांढऱ्याशी तुलना करा. भस्म त्यापेक्षा उजळ दिसत असेल तर ते उजळ झालं आहे, रंग उतरवा. फोटोत पिवळट झाक असेल तर तेवढीच झाक भस्मालाही द्या.

## ७. कुंकू, केस आणि कड

कुंकवाचा टिळा आता काढा, मध्यरेषेवर. बारा मिलिमीटरचा टिळा ८४ पिक्सेल उंच असेल, पण ३० अंश वळलेल्या चेहऱ्यावर रुंदी ७३ पिक्सेलच हवी. पूर्ण गोल टिळा वळलेल्या कपाळावर तरंगतो. मोड Normal, ८५ ते ९० टक्के. सावळ्या कातडीवर Multiply ने कुंकू तपकिरी होतं. उजेडाची पायरी यालाही लावा.

कपाळावर केसांची बट असेल तर पट्टा तिच्या खालून गेला पाहिजे, तेवढा भाग मास्कने झाका. भुवईच्या केसांवर मात्र भस्माचे थोडे कण असतातच, तिथे मास्क कोरून काढल्यासारखा स्वच्छ नको.

शेवटी कडेची तीक्ष्णता. भुवईचा एक केस शंभर टक्के झूमवर बघा आणि पट्ट्याची कड त्याच्याइतकीच धूसर करा, बहुधा एक ते दीड पिक्सेल. पलीकडचं कानशील फोकसबाहेर असेल तर तिथली कड जास्त धूसर हवी. फोटोत जुन्या फिल्मचा दाणा असेल तर तो पट्ट्यांवरही टाका.

## उभं गोपीचंदन किंवा भंडारा असेल तर

गोपीचंदनाची उभी रेघ नाकाच्या मुळापासून सुरू होते, म्हणजे आधी खोलगट जागेत, मग भुवयांमधल्या उंचवट्यावर, मग कपाळावर. दुसऱ्या पायरीत आखलेली मध्यरेषा हाच तिचा मार्ग, त्यामुळे Warp करताना रेघ त्या रेषेवर बसवली की झालं. नाकाच्या मुळाशी सावली असते, तिथे रेघेचा खालचा तुकडा गडद झाला नाही तर ती उडी मारून पुढे येते. Displace करायचंच असेल तर आडवी सरक द्या आणि उभी शून्य ठेवा, कारण इथे कडा उभ्या आहेत. बुक्क्याच्या काळ्या ठिपक्याला Multiply चालतो.

जेजुरीचा भंडारा कोरडी हळद असते आणि ती रेखीव लागत नाही. तिला पट्ट्याची कड देऊ नका. मधे दाट, बाहेर विरळ असा मोठा मऊ ठसा द्या, भुवयांवर आणि नाकाच्या दांडीवर सुटे कण, खांद्यावरही थोडे. कड रेखीव नसल्यामुळे चौथ्या पायरीचं मोजमाप इथे सैल चालतं, पण सहाव्या पायरीतला उजेड सोडता येत नाही. सपाट पिवळा ठसा लगेच उघडा पडतो.

फ्रेमसाठी देण्याआधी पोस्टकार्डाएवढी एक छपाई काढा. स्क्रीनवर ठीक दिसलेलं भस्म कागदावर वेगळं दिसू शकतं. ते जास्त उजळ आलं तर मोठ्या छपाईआधी पट्ट्यांच्या लेयरची अपारदर्शकता पाच-सात टक्के उतरवा आणि पीएसडी सगळ्या लेयरसकट जपून ठेवा. घरचे फ्रेम बघितल्यावर हमखास म्हणतात की पट्टे थोडे वर असायचे.